आधार लिंक आहे, तरी शिष्यवृत्ती खात्यात नाही: पैसे शोधायचे आणि मिळवायचे कसे

कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर दरवर्षी ऐकू येणारं एक वाक्य आहे: "माझं आधार बँकेला लिंक आहे, बँकेतच सांगितलं मला." बहुतेक वेळा ते खरं असतं आणि तरीही निर्वाह भत्त्याचा हप्ता आलेला नसतो. मग विद्यार्थी पुन्हा बँकेत जातो, आधारची आणखी एक झेरॉक्स देतो, "झालं लिंक" असं पुन्हा ऐकतो आणि दोन महिन्यांनी त्याच खिडकीवर परत येतो. बँक खोटं बोलत नसते, विद्यार्थीही नसतो. 'लिंक' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, एवढंच.

हा लेख महाडीबीटीवरून अर्ज केलेल्या आणि आधारच्या आधारे थेट खात्यात हप्ता मिळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. या कामात चुकीच्या गोष्टी फारशा होत नाहीत, बरोबर गोष्टी चुकीच्या क्रमाने होतात.

## आधी हे समजून घ्या: लिंक दोन असतात

पहिली लिंक बँकेच्या आतली. तुम्ही केवायसीसाठी आधार दिलं आणि बँकेने ते तुमच्या खात्यावर नोंदवलं. अशी नोंद एकाच वेळी चार बँकांत असू शकते.

दुसरी लिंक बँकेच्या बाहेरची. एनपीसीआय या संस्थेकडे एक यादी असते, तिला मॅपर म्हणतात. या यादीत प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं. तुम्ही नव्या बँकेत 'सरकारी अनुदान या खात्यात घ्या' अशी संमती दिली की जुन्या बँकेचं नाव जाऊन नव्या बँकेचं येतं. थोडक्यात, ज्या बँकेने शेवटी नोंद केली तिच्याकडे पैसे जातात.

आता हप्त्याचा प्रवास पाहा. विभाग तुमच्या आधार क्रमांकावर पैसे पाठवतो. मॅपरमध्ये त्या क्रमांकासमोर जी बँक असेल तिच्याकडे ते जातात. ती बँक आपल्या संगणकात हा आधार कोणत्या खात्याला जोडलाय ते बघते आणि तिथे पैसे जमा करते. या सगळ्या वाटेवर तुम्ही अर्जात भरलेला खाते क्रमांक कुठेच लागत नाही. पासबुकची स्वच्छ प्रत अपलोड केली, आयएफएससी दोनदा तपासला, तरी पैसे मॅपर म्हणेल तिथेच जाणार.

म्हणजे घोटाळा तीनच ठिकाणी होऊ शकतो. मॅपरमध्ये तुमची नोंदच नसेल, नोंद भलत्याच बँकेची असेल, किंवा बँक बरोबर असून तिच्या आतलं खातं बंद किंवा वेगळं असेल. पुढचे टप्पे या तिघांपैकी नेमकं काय झालंय ते शोधण्यासाठी आहेत.

## टप्पा १: घरी बसून करायची तयारी

१. एक कागद घ्या आणि आजवर तुमच्या नावाने उघडलेल्या सगळ्या खात्यांची यादी करा. आठवत नाही म्हणणाऱ्यांची यादी हमखास अपुरी असते. पाचवी-सहावीत शाळेने उघडून दिलेलं खातं, आईबरोबरचं जनधन खातं, पोस्टातलं खातं, सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेलं पेमेंट्स बँकेचं खातं, गावात ग्राहक सेवा केंद्रावर उघडलेलं खातं, सगळी लिहा. घरच्यांनाही विचारा.

२. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का ते बघा. पुढच्या तपासणीचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. क्रमांक बंद असेल तर आधी आधार सेवा केंद्रात स्वतः जाऊन तो बदलून घ्यावा लागेल. 

३. महाडीबीटीवरचा अर्ज क्रमांक वर्षवार लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षाचा हप्ता अडकलाय आणि विद्यार्थी पहिल्या वर्षाचा क्रमांक दाखवतोय, असं फार होतं.

४. एक वही करा. कोणत्या तारखेला कुठे गेलात, कोणाला भेटलात, काय उत्तर मिळालं. दीड महिन्याने तक्रार लिहिताना हीच वही पुढे ठेवायची आहे.

## टप्पा २: पैसे निघालेत का, ते आधी बघा

महाडीबीटीवर लॉगिन करून तुमच्या अर्जाची स्थिती उघडा. अर्ज अजून कॉलेजच्या किंवा विभागाच्या टेबलावर असेल, तर तुमची अडचण लिंकची नाहीच. बँकेत जाऊ नका, कॉलेजच्या लिपिकाकडे जा.

'मंजूर' आणि 'वितरित' यांतला फरक नीट बघा. मंजुरी म्हणजे तुम्ही पात्र आहात एवढंच. हप्ता वितरित झाल्याची नोंद, रक्कम आणि तारीख दिसत असेल तरच पुढच्या टप्प्याला अर्थ आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि तारीख वहीत लिहा, कारण बँकेत पहिला प्रश्न तारखेचाच असतो. तुमच्या योजनेत हप्ता घेण्यासाठी Redeem हे बटण दिसत असेल आणि तुम्ही ते दाबलंच नसेल, तर तेही इथेच कळतं.

तपासा: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. हे दोन वाटे वेगवेगळ्या दिवशी येऊ शकतात. "अर्धेच पैसे आले" ही लिंकची तक्रार नव्हे. एक वाटा आलाय म्हणजे मॅपिंग त्या दिवशी तरी चालू होतं.

इशारा: या टप्प्याआधी मॅपिंग बदलायला धावू नका. बदल केल्यावर जुन्या बँकेचं नाव मॅपरवरून जातं आणि मग पैसे कुठे गेले होते हे शोधायचा सोपा धागा हातातून सुटतो.

## टप्पा ३: मॅपरमध्ये कोणत्या बँकेचं नाव आहे?

हे बँकेला विचारायची गरज नाही. myaadhaar.uidai.gov.in वर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा आणि Bank Seeding Status उघडा. तिथे बँकेचं नाव, स्थिती आणि नोंद शेवटची कधी बदलली ती तारीख दिसते. स्क्रीनशॉट घ्या.

त्या पानावर चारपैकी एक चित्र असेल.

स्थिती Inactive आहे किंवा नोंदच नाही. हप्त्याला जायला रस्ताच नव्हता. पैसे परत गेले असणार. टप्पा ४ सोडून थेट टप्पा ५ करा.

Active आहे, पण बँक वेगळीच आहे. सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार हाच. टप्पा ४ करा आणि शांतपणे करा.

Active आहे, बँकही बरोबर आहे, पण नोंदीची तारीख हप्त्यानंतरची आहे. म्हणजे हप्ता निघाला तेव्हा चित्र वेगळं होतं. त्या दिवशी तिथे कोणती बँक होती ते यादीवरून आणि जुन्या खात्यांच्या पासबुकांवरून शोधावं लागेल.

Active आहे, बँक बरोबर आहे, तारीखही हप्त्याच्या आधीची आहे. मग दोष बँकेच्या आत आहे. हे पान फक्त बँकेचं नाव दाखवतं, खाते क्रमांक दाखवत नाही. एकाच बँकेत तुमची दोन खाती असतील तर पैसे कोणत्या खात्यात घालायचे हे ती बँक आपल्या नोंदीवरून ठरवते. गावच्या शाखेतलं जुनं खातं आणि कॉलेजजवळच्या शाखेतलं नवं खातं एकाच बँकेचं असलं की हा घोळ होतोच होतो.

## टप्पा ४: त्या बँकेत जाऊन पैसे शोधा

मॅपरमध्ये दिसणाऱ्या बँकेत जा, मग ते खातं तुम्ही विसरला असलात तरी. आधार कार्ड, वितरणाचा स्क्रीनशॉट आणि जुनं पासबुक सोबत ठेवा. पासबुक हरवलं असेल तर आधारवरून खातं शोधून द्या म्हणावं. काउंटरवर "माझं आधार लिंक आहे का?" असं विचारू नका, उत्तर "आहे" असंच येईल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. विचारायचं ते असं:

"माझ्या आधारवर सरकारी जमा घ्यायला या बँकेत कोणतं खातं जोडलंय? ते चालू आहे का? आणि या तारखेच्या आसपास त्यात जमा आली होती की परत गेली?"

हे तीन प्रश्न विचारल्यावर समोरच्याला खाते क्रमांक, खात्याची स्थिती आणि उतारा या तिन्ही गोष्टी बघाव्याच लागतात.

जमा झालेली असेल तर काम संपलंच. पैसे त्या खात्यातून काढा किंवा वळवा. पण आधी पासबुक भरून घ्या, मेसेजवर विसंबू नका. जुन्या खात्याला जुना मोबाइल क्रमांक असतो आणि मेसेज तिकडे गेलेला असतो.

जमा परत गेली असेल तर कारण लिहून मागा. बहुधा तीनपैकी एक असतं. खातं बंद झालंय, बराच काळ व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालंय, किंवा केवायसी अपुरी म्हणून गोठवलंय. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय धरलं जातं. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना रिझर्व्ह बँकेने यातून वगळलंय, १ एप्रिल २०२४ पासून तशी सूचना लागू आहे. पण तुमचं खातं बँकेच्या दप्तरी शिष्यवृत्तीचं म्हणून नोंदलेलं नसेल तर ते साध्या खात्यासारखंच झोपतं. केवायसीचे कागद नव्याने देऊन ते जागं करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

तपासा: लहान खाते म्हणून, म्हणजे पूर्ण केवायसीशिवाय उघडलेलं असेल तर त्याला मर्यादा असतात. एका वेळी शिल्लक ५०,००० रुपयांपलीकडे जाता कामा नये, सरकारी अनुदानाच्या जमेला मात्र ही शिल्लक मर्यादा लावायची नसते. वर्षभराची एकूण जमा १ लाखाच्या आत लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी आणि भत्ता एकत्र आला की वर्षाच्या जमेची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. अशा वेळी मॅपिंगला दोष नसतो, पूर्ण केवायसी करून घेणं हाच उपाय.

### एक उदाहरण, तारखांसकट

नात्यातल्या एका मुलीचं प्रकरण सांगतो. बीएस्सीचं दुसरं वर्ष, वसतिगृहात राहणारी. महाडीबीटीवर हप्ता ४ मार्चला वितरित दिसत होता. तिने अर्जात कॉलेजजवळच्या बँकेचं खातं दिलेलं, तिथे काहीच नाही. बँकेत ती तीनदा गेली, तिन्ही वेळा "लिंक आहे" असं सांगून पाठवली गेली.

एका रविवारी आम्ही मॅपर उघडला. Active, पण नाव एका पेमेंट्स बँकेचं आणि नोंदीची तारीख आदल्या ऑक्टोबरची. ती म्हणाली, "मी असलं खातं काढलंच नाही." मग हळूहळू आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेली असताना नवं सिम घेतलं होतं, दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता. एक सिमसाठी, दुसरा कशासाठी ते तिने विचारलं नव्हतं.

त्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या सिमच्या क्रमांकाने शिरलो तर ४ मार्चची जमा तिथे जशीच्या तशी पडून होती. पैसे गेलेही नव्हते, अडकलेही नव्हते, दुसऱ्या खिशात होते एवढंच. तिने आधीच घाबरून मॅपिंग बदलून घेतलं असतं, तर पानावर नव्या बँकेचं नाव आलं असतं आणि त्या पेमेंट्स बँकेचं नाव आम्हाला कळलंच नसतं. रक्कम काढून झाल्यावर मगच मॅपिंग बदललं.

## टप्पा ५: मॅपिंग बदला

ज्या बँकेत पुढचे हप्ते हवेत तिथे जा. इथे शब्द महत्त्वाचा आहे. "आधार लिंक करायचंय" म्हणालात तर केवायसीचा अर्ज हातात येईल. "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करायचंय, संमतीचा फॉर्म द्या" असं म्हणा.

फॉर्ममध्ये साधारण हे भरायचं असतं:

१. तुमचं नाव, आधार क्रमांक आणि ज्या खात्यात पैसे हवेत तो खाते क्रमांक. एकाच बँकेत दोन खाती असतील तर हा रकाना सर्वांत काळजीने भरा.

२. सरकारी अनुदान या खात्यात घेण्याची संमती. हा चौकोन रिकामा राहिला तर बँक आधार फक्त केवायसीला नोंदवते. सगळा फॉर्म भरून एवढी खूण राहिलेले कितीतरी अर्ज पाहिलेत.

३. आधी मॅपिंग दुसऱ्या बँकेत होतं का आणि कोणत्या. टप्पा ३ मधला स्क्रीनशॉट इथे कामी येतो. ते नाव लिहून, तिथून या बँकेत बदला, असं स्पष्ट सांगायचं.

अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. "पोच देत नाही आम्ही" असं उत्तर मिळालं तर दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख तरी मागा.

काही बँकांसाठी हे काम घरूनही होतं. एनपीसीआयच्या npci.org.in या संकेतस्थळावर ग्राहकांच्या विभागात Bharat Aadhaar Seeding Enabler नावाची सोय आहे. नवी नोंद करणं, एका बँकेतून दुसरीकडे नेणं, त्याच बँकेत खातं बदलणं आणि नोंद काढून टाकणं हे पर्याय तिथे असतात. यादीत तुमची बँक नसेल तर शाखेतच जावं लागेल.

तपासा: दोन-तीन दिवसांनी Bank Seeding Status पुन्हा उघडा. बँकेचं नाव आणि नोंदीची तारीख दोन्ही बदललेली दिसली पाहिजेत. बँकेतल्या माणसाने "झालं" म्हणणं हा पुरावा नाही, हे पान हा पुरावा. आठवडा झाला तरी जुनंच चित्र असेल तर पोच घेऊन शाखाधिकाऱ्यांना भेटा.

इशारा: यानंतर कुठेही नवं खातं उघडताना, विशेषतः अंगठा देऊन, अनुदान घेण्याची संमती देऊ नका. नाहीतर मॅपिंग पुन्हा पळेल.

## टप्पा ६: परत गेलेला हप्ता पुन्हा मागा

इथे बहुतेक जण थांबतात. मॅपिंग दुरुस्त झालं की अडकलेला हप्ता आपोआप येईल असं त्यांना वाटतं. ती दुरुस्ती पुढच्या हप्त्यांसाठी असते. परत गेलेली रक्कम विभागाकडून पुन्हा पाठवली जावी लागते आणि त्यासाठी ती कोणीतरी मागावी लागते.

अर्ज कॉलेजमार्फत द्या. योजनेनुसार कार्यालय बदलतं. अनुसूचित जातीच्या योजनांसाठी जिल्ह्याचे सहायक आयुक्त, समाज कल्याण; आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय; तंत्रशिक्षणाच्या योजनांसाठी विभागीय सहसंचालक. मजकूर लांबवू नका. असा पुरेसा होतो:

> विषय: परत गेलेला शिष्यवृत्ती हप्ता पुन्हा वितरित करणेबाबत.
>
> महोदय, माझा महाडीबीटी अर्ज क्रमांक ……, शैक्षणिक वर्ष ……. दि. …… रोजी वितरित झालेला रु. …… चा हप्ता माझे …… बँकेतील खाते निष्क्रिय असल्याने परत गेला आहे. आता माझे आधार दि. …… पासून …… बँकेशी जोडले असून स्थिती Active आहे. तरी हा हप्ता पुन्हा वितरित करावा, ही विनंती.
>
> सोबत: वितरणाचा स्क्रीनशॉट, जमा परत गेल्याचे बँकेचे पत्र किंवा उतारा, मॅपिंगचा नवा स्क्रीनशॉट.

आधार क्रमांक अर्जात पूर्ण लिहायची गरज नसते, शेवटचे चार अंक पुरतात. मागितला तरच पूर्ण द्या. महाडीबीटीवरही हीच तक्रार अर्ज क्रमांकासह नोंदवा आणि तिचा क्रमांक वहीत लिहा. आर्थिक वर्ष संपत आलेलं असेल तर हे काम मार्चअखेरीवर ढकलू नका. निधी परत गेला की पुन्हा वितरणाला वेळ लागतो.

## टप्पा ७: कुणीच दाद देत नसेल तर

आधी ठरवा की अडलंय कुठे.

बँक मॅपिंग करत नाही, निष्क्रिय खातं चालू करत नाही किंवा जमेचा उतारा देत नाही: बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटणारं आलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही फुकट. बँकेकडे आधी न जाता थेट इथे आलात तर तक्रार टिकत नाही, म्हणून या तक्रारीची आणि टप्पा ५ मधल्या अर्जाची पोच जपा.

विभाग हप्ता पुन्हा पाठवत नाही: राज्याच्या आपले सरकार तक्रार निवारण पोर्टलवर जा. तिथे "शिष्यवृत्ती मिळाली नाही" असं लिहिलंत तर "अर्ज मंजूर आहे" एवढंच छापील उत्तर येतं. "अमुक तारखेचा हप्ता परत गेला, मॅपिंग अमुक तारखेला दुरुस्त केलं, पुन्हा वितरण कधी?" असं विचारा. त्याला तारखेचंच उत्तर द्यावं लागतं.

आधारची नोंदच रद्द किंवा बंद दाखवत असेल तर ते ना बँकेचं काम ना विभागाचं. १९४७ या क्रमांकावर विचारा आणि आधार सेवा केंद्रात जा.

पैसे आले की लगेच पासबुक भरून घ्या आणि जमेतली फी किती, भत्ता किती ते कॉलेजात विचारा. केंद्राच्या वाट्यात फी धरलेली असेल तर ती सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. इतक्या खटपटीने आलेली रक्कम घरखर्चाला गेली की पुढच्या परीक्षेचा फॉर्म फीसाठी अडतो आणि तुम्ही पुन्हा त्याच खिडकीवर, दुसऱ्या रांगेत उभे असता.